दिगंबर-श्वेतांबर: भांडण कापडाचं, पण कापडापुरतं नाही

प्रश्न: माझी मावशी जयसिंगपूरला असते. तिच्याकडे मी दिगंबर मुनींना उभ्याने, ओंजळीत जेवताना पाहिलं. इकडे पुण्यात आमच्या सोसायटीत पांढऱ्या वस्त्रातल्या, तोंडाला पट्टी बांधलेल्या साध्वी येतात आणि लाकडी पात्रात घरोघरचं थोडं थोडं अन्न घेऊन जातात. दोघेही महावीरांचेच, मग कपडे, ग्रंथ आणि आचार यांत एवढा फरक का? आणि आम्ही जैन नाही. त्या आमच्या दारी आल्या तर काय द्यायचं?

उत्तर:

मी शिरोळ तालुक्यातल्या दिगंबर घरातला. पुढे अर्धमागधी शिकलो, शिकवली, आणि त्यापायी आयुष्याची बरीच वर्षं श्वेतांबर आगम वाचण्यात गेली. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय. लिहिताना पारडं कुठे एका बाजूला झुकलं तर ते जन्माचं समजून सोडून द्या.

कपडे, ग्रंथ, आचार हे तुम्ही तीन वेगळे फरक धरलेत, पण मुळात प्रश्न एकच आहे: संन्याशाच्या अंगावरचं कापड हा परिग्रह, की नाही? पाचवं महाव्रत अपरिग्रहाचं, ते दोघांनाही मान्य. घर सोडलं, पैसा सोडला, भांडीकुंडी सोडली, पुढे अंगावरच्या धोतराशी येऊन दोघांची वाट फुटते. बाकीचे बहुतेक फरक या फाट्यापाशी नेऊन जोडता येतात.

गंमत म्हणजे दोघेही साक्ष काढतात ती एकाच सूत्राची. तत्त्वार्थसूत्र हा दोन्ही पंथांना मान्य असलेला ग्रंथ. दिगंबर पाठात ३५७ सूत्रं आहेत, श्वेतांबर पाठात ३४४. त्यात परिग्रहाची व्याख्या दोनच शब्दांची आहे: ‘मूर्च्छा परिग्रहः’. मूर्च्छा म्हणजे आसक्ती, ‘हे माझं’ ही भावना. श्वेतांबर म्हणतात, बघा, परिग्रह वस्तूत नाही, मनात आहे. संयम पाळण्यापुरतं, लाज आणि थंडी झाकण्यापुरतं वस्त्र ठेवलं आणि त्यात जीव अडकवला नाही, तर तो परिग्रह नव्हे. त्यांच्या दशवैकालिक सूत्रातही हेच सांगितलंय. दिगंबर म्हणतात, व्याख्या बरोबर, पण आसक्तीशिवाय कापड राहतंच कुठे? ते फाटलं की शिवायला सुई-दोरा हवा. मळलं की धुवायचं, म्हणजे पाण्यातले जीव मारायचे. चोरीला गेलं की दुसऱ्याकडे मागायचं. आणि लाज झाकायची असेल तर लाज अजून शिल्लक आहे, म्हणजे देह अजून ‘माझा’ आहे. कुंदकुंदाचार्यांनी सुत्तपाहुडात तर टोकाचं लिहिलं: वस्त्रधारी असेल तर तो तीर्थंकर का असेना, त्याला सिद्धी नाही.

इथे दिगंबर मंडळींना सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. नग्नता श्वेतांबर ग्रंथांनाही परकी नाही. त्यांच्या सगळ्यांत जुन्या ग्रंथात, आचारांगात, खुद्द महावीरांनी दीक्षेनंतर तेरा महिन्यांनी वस्त्र टाकलं आणि पुढे ते अचेलक राहिले, असं सरळ लिहिलंय. तीन वस्त्रं ठेवणारा भिक्षू, दोन ठेवणारा, एक ठेवणारा आणि एकही न ठेवणारा, असे चारही तिथे भेटतात. साधूने सोसायच्या बावीस परीषहांत ‘नाग्न्य’ दोघांच्याही यादीत आहे. श्वेतांबरांचं म्हणणं असं की नग्न राहण्याचा तो मार्ग, जिनकल्प, महावीरांच्या शिष्याचे शिष्य जंबूस्वामी यांच्यानंतर बंद झाला. आताच्या माणसाच्या अंगात तेवढं बळ नाही. दिगंबरांचं म्हणणं, बंद वगैरे काही झालेला नाही, तोच एकमेव मार्ग आहे. म्हणजे वाद महावीर नग्न होते का हा नाही. आज कापड घालून साधू होता येतं का, हा आहे.

फूट कशी पडली याच्या दोन कथा आहेत आणि प्रत्येकीत दोष समोरच्याचा आहे. दिगंबर सांगतात: मगधात बारा वर्षांचा दुष्काळ पडणार हे ओळखून आचार्य भद्रबाहू साधूंचा संघ घेऊन दक्षिणेला निघाले. मागे राहिलेले साधू ढिले पडले आणि अंगावर कापडाचा तुकडा घेऊ लागले. श्वेतांबर सांगतात: वीरनिर्वाणानंतर, म्हणजे महावीरांच्या निर्वाणानंतर, ६०९ वर्षांनी रथवीरपुरात शिवभूती नावाच्या साधूला राजाकडून उंची रत्नकंबल मिळाली. तिच्यात त्याचा जीव अडकतोय हे पाहून गुरूंनी तिचे तुकडे केले. तो रागावला, ‘कांबळंच परिग्रह तर सगळंच टाकतो’ म्हणाला आणि नग्न होऊन निघून गेला. मला दुसरी कथा कथा म्हणून जास्त आवडते, पण दोन्ही नंतरच्या काळात लिहिल्या गेल्या. मथुरेच्या कंकाली टील्यात सापडलेल्या, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या शिल्पांत मात्र असे साधू दिसतात, जे एरवी नग्न आहेत आणि डाव्या हातावर एक फडकं पुढे धरून उभे आहेत. धड इकडचे ना तिकडचे. फूट एका दिवसात, एका भांडणात पडली नाही, हे त्या दगडांवरून कळतं.

आता डोळ्यांना दिसतं ते. दिगंबर मुनींजवळ दोनच वस्तू असतात: मोरपिसांची पिच्छी, बसण्याआधी जागा हलक्या हाताने झाडायला, आणि शौचासाठी उकळलेलं पाणी ठेवायचा कमंडलू. वाचायला एखादं शास्त्र. पिच्छीची पिसं मोराने आपसूक गाळलेली. पात्र नाही, अंथरूण नाही, वस्तरा नाही; केस दोन ते चार महिन्यांनी हाताने उपटायचे. त्यांच्या खालच्या पायऱ्याही कापडावरूनच ओळखायच्या. नुसती लंगोटी असेल तर ऐलक, लंगोटी आणि वर एक आखूड वस्त्र असेल तर क्षुल्लक. पांढरी साडी नेसलेल्या त्या आर्यिका. लोक कधीकधी चाचरत विचारतात म्हणून सांगतो, दिगंबर स्त्रिया नग्न दीक्षा घेत नाहीत, आणि त्याचा परिणाम फार लांबवर जातो. त्यावर पुढे येतो.

श्वेतांबर साधूच्या कमरेला चोलपट्टा, अंगावर पांघरण्याचं पांढरं वस्त्र, थंडीत कांबळी. मोरपिसांऐवजी लोकरीच्या दशांचा रजोहरण, ज्याला गुजराती घरांत ओघा म्हणतात. तोंडासमोर धरायची मुहपत्ती, लाकडी पात्रं आणि ती अडकवायची झोळी. तुमच्या सोसायटीतल्या साध्वींच्या तोंडाला पट्टी बांधलेली आहे, म्हणजे त्या स्थानकवासी किंवा तेरापंथी. श्वेतांबरांमधले मूर्तिपूजक साधू मुहपत्ती हातात ठेवतात, बोलताना तोंडापुढे धरतात आणि बहुधा हातात लांब दांडा बाळगतात. स्थानकवासी आणि तेरापंथी मूर्ती मानत नाहीत. तेरापंथ या नावाने घोटाळा होतो तेवढा सांभाळा: दिगंबरांतही तेरापंथ आहे, पण तो पूजेच्या पद्धतीवरून पडलेला गृहस्थांचा भेद आहे. आचार्य भिक्षूंनी १७६० साली सुरू केलेल्या श्वेतांबर तेरापंथाशी त्याचा काही संबंध नाही.

आता मावशीच्या घरी तुम्ही पाहिलेला आहार. तो नीट सांगतो, कारण दोन पंथांमधला फरक मला ग्रंथांपेक्षा ताटापाशी जास्त स्पष्ट दिसतो.

आमच्या घरी चौका, म्हणजे मुनींच्या आहाराचा शुद्ध स्वयंपाक, लागायचा तेव्हा पहाटे चारला आजी उठायची. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यात अडकलेले जीव, म्हणजे जिवाणी, त्याच विहिरीत हळूच परत सोडायची. दुसऱ्या विहिरीत नाही. मग पाणी उकळायचं. पिठाला मुदत असते: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. आजी मात्र त्याच दिवशी जात्यावर दळायची. कांदा, लसूण, बटाटा या कंदमुळांचा तर प्रश्नच नाही. सगळे सोवळ्यात. मग नवरा-बायको हातात नारळ ठेवलेला कलश घेऊन दारात उभे राहतात. महाराज बस्तीतून, म्हणजे मंदिरातून, निघतात, उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकवलेली, तोंडाने एक शब्द नाही. निघण्याआधी त्यांनी मनाशी एक नेम धरलेला असतो, उदाहरणार्थ ‘दारात जोडपं असेल आणि हातात अमुक वस्तू असेल तरच थांबेन’. तो कोणालाच सांगायचा नाही. नेम जुळला नाही तर ते सगळ्या गल्लीतून तसेच परत जातात आणि त्या दिवशी उपास. जुळला तर यजमान म्हणतात, ‘नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ!’ मग प्रदक्षिणा, पाय धुणं, पूजा, आणि मन, वचन, काया व आहार-पाणी शुद्ध असल्याचं सांगणं. त्यानंतर महाराज उभे राहून दोन्ही हातांची बोटं गुंफून ओंजळ करतात. त्या ओंजळीत एकेक घास ठेवायचा. एकजण घास चिमटीत फोडून आधी बघतो, मग ठेवतो. हे दिवसातून एकदाच, आणि पाणीसुद्धा त्याच वेळी. दुपारी जूनच्या उन्हात चालून आले तरी घोटभर पाणी नाही.

मी सातवीत होतो तेव्हा घास बघायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं. पाच-सहा घास झाले असतील. भाकरीच्या एका तुकड्यात बारीक केस होता. मला दिसला नाही, महाराजांना ओंजळीत दिसला. त्यांनी काही न बोलता हात खाली केले, घास भांड्यात पडला, बोटं सुटली. याला अंतराय म्हणतात. केस, मेलेला किडा, रक्त दिसणं, असे बत्तीस अंतराय सांगितलेत. एकदा ओंजळ सुटली की संपलं. ते खाली बसले, हात-तोंड धुतलं आणि पिच्छी-कमंडलू घेऊन निघाले. पुढचा घास आणि पुढचं पाणी आता दुसऱ्या दिवशी. आजीने मला एका शब्दाने विचारलं नाही, पण त्या दिवशी ती स्वतः जेवली नाही. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

श्वेतांबरांची पद्धत याच्या उलट बाजूने सुरू होते. तिला गोचरी म्हणतात, गाय कशी चरते: इथलं थोडं, तिथलं थोडं, मुळापासून काहीच उपटायचं नाही. घरात स्वतःसाठी जे शिजलंय त्यातलंच घ्यायचं, आणि एवढंच घ्यायचं की घरच्यांना पुन्हा चूल पेटवावी लागू नये. साधूसाठी मुद्दाम रांधलेलं अन्न दोषाचं. ते पात्रातून उपाश्रयात किंवा स्थानकात, म्हणजे आपल्या मुक्कामाच्या जागी, नेतात, गुरूंना दाखवतात आणि गृहस्थांच्या नजरेआड, बसून, आपसांत वाटून खातात. दिवसातून एकदाच, असं बंधन सरसकट नाही.

या दोन पद्धती एकमेकींवर काय आक्षेप घेतात ते ऐकण्यासारखं आहे. श्वेतांबर म्हणतात, पहाटे चारपासून तुमचा चौका मुनींसाठीच चालू असतो, मग ते अन्न साधूच्या उद्देशाने केलेलं नाही तर काय? दिगंबरांचं उत्तर असं की अन्न घरच्यांचंच असतं, मुनी कुठे येणार हे कोणालाच माहीत नसतं आणि मुनींनी कोणाला करायला सांगितलेलं नसतं. गुप्त नेम त्यासाठीच असतो. खरं सांगायचं तर दहा घरांत दहा चौके लागले की हे उत्तर जरा पातळ होतं, हे आमच्याकडचे जुने लोकही मान्य करायचे. दिगंबर उलट विचारतात, पात्र ठेवलं की ते धुणं, रंगवणं, जपणं आलं, अन्न वाहून नेणं आलं. हा परिग्रह नाही? म्हणजे पुन्हा कापडाचाच वाद, आता लाकडाच्या रूपात. ओंजळीला पर्याय नाही, कारण ओंजळ बाळगावी लागत नाही.

आता स्त्रियांचा प्रश्न, आणि तो ग्रंथांशी जोडलेला आहे. तर्क सोपा आहे. पूर्ण अपरिग्रहाशिवाय मोक्ष नाही. कापड परिग्रह आहे. स्त्रीने नग्न राहायचं नाही. म्हणून दिगंबर मतात स्त्रीदेहातून थेट मोक्ष नाही; आर्यिकेची महाव्रतं ‘उपचाराने’, म्हणजे म्हणण्यापुरती, महाव्रतं, आणि मोक्षासाठी पुढे पुरुषजन्म हवा. श्वेतांबरांनी कापडाला परिग्रह मानलंच नाही, त्यामुळे त्यांची स्त्री अडकत नाही. एकोणिसावे तीर्थंकर मल्ली त्यांच्याकडे स्त्री आहेत, आमच्याकडे मल्लिनाथ पुरुष. कल्पसूत्रात महावीरांच्या संघात साधू १४,००० आणि साध्वी ३६,००० सांगितल्यात, आणि आजही श्वेतांबर संघांत साध्वीच जास्त दिसतात. मधल्या काळात यापनीय नावाचा तिसरा संघ होता. त्यांचे साधू नग्न असत, पण स्त्रियांचा मोक्ष ते मानत. बेळगाव-धारवाडकडच्या शिलालेखांत त्यांची नावं सापडतात; संघ मात्र संपला.

ग्रंथांचं असं. महावीरांचा उपदेश बारा अंगांत गुंफला गेला, हे दोघांना मान्य. श्वेतांबर म्हणतात, बारावं दृष्टिवाद तेवढं गेलं, अकरा राहिली. गुजरातेतल्या वलभीच्या वाचनेत, म्हणजे ग्रंथांचा पाठ ठरवायला भरलेल्या साधुसभेत, देवर्धिगणींनी पाचव्या शतकात ती लिहून काढली. अंगं, उपांगं, छेदसूत्रं, मूलसूत्रं वगैरे धरून मूर्तिपूजक ४५ आगम मानतात, स्थानकवासी आणि तेरापंथी ३२. दिगंबर म्हणतात, वीरनिर्वाणानंतर ६८३ वर्षांत अंगांचं ज्ञान विरत विरत संपलं. वलभीत लिहिलं ते मूळ नव्हेच. साहजिक आहे, ज्या आगमांत साधूच्या वस्त्रांची मोजणी आहे ते आम्ही कसे मानणार? पण एक धागा राहिला, असं आमची परंपरा सांगते. गिरनारच्या चंद्रगुंफेत वृद्ध धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोघांना आपल्याजवळचं शिकवलं आणि त्यातून षट्खंडागम झाला. कर्मांचं गणित सांगणारा हा रुक्ष आणि प्रचंड ग्रंथ. त्यावर वीरसेनांनी नवव्या शतकात धवला टीका लिहिली. ताडपत्रांवरच्या तिच्या प्रती राहिल्या कर्नाटकातल्या मूडबिद्रीत, आणि शतकानुशतकं लोकांनी त्यांचं फक्त दर्शन घेतलं; वाचायला कोणाला मिळाल्या नाहीत. जुन्या कन्नड लिपीतून देवनागरीत नकला झाल्या आणि १९३९ साली अमरावतीहून प्राध्यापक हीरालाल जैन यांनी पहिला खंड छापला.

त्या पहिल्या खंडातल्या ९३व्या सूत्रावरून आमच्या समाजात जो धुरळा उडाला, तो मी वर्गात नेहमी उदाहरण म्हणून घ्यायचो. आत्म्याच्या चढणीच्या चौदा पायऱ्या आहेत, त्यांना गुणस्थानं म्हणतात. पाचवीवर संयतासंयत, म्हणजे अर्धी व्रतं पाळणारा गृहस्थ. सहावीपासून संयत, म्हणजे पूर्ण महाव्रती. दिगंबर मतात स्त्री पाचवीपर्यंत. आता सूत्र ‘मणुसिणी’बद्दल, म्हणजे मनुष्य-स्त्रीबद्दल आहे. तिच्या कोणकोणत्या पायऱ्या पर्याप्त अवस्थेतच, म्हणजे देहाची घडण पुरी झाल्यावरच, असतात हे सांगताना पायऱ्या मोजल्यात आणि यादी ‘संजदासंजद’ या शब्दावर थांबते. निदान हाती आलेल्या नकलेत थांबत होती. संपादकांना शंका आली. त्यांनी तळटीप दिली की इथे पुढे ‘संजद’ हा शब्द हवा. एक शब्द, तीन अक्षरं. पण तो आला तर सूत्रच म्हणणार की स्त्री सहाव्या पायरीवर आणि तिच्या वर असू शकते! दिगंबरांच्या सगळ्यांत जुन्या ग्रंथांपैकी एकात!

संपादकांना शंका का आली, ते बघा. टीकेत वीरसेन याच सूत्राखाली स्वतःच शंका काढतात: मग याच आर्षवचनावरून देहाने स्त्री असलेल्यांचाही मोक्ष सिद्ध होईल की? सूत्र पाचव्या पायरीवर संपत असतं तर ही शंका कोणाला सुचलीच नसती; गृहस्थाच्या पायरीवरून मोक्षाची शंका कोण काढतं? म्हणजे वीरसेनांच्या समोरच्या पोथीत ‘संजद’ होता. नकलणाऱ्याची नजर ‘संजदासंजद’वरून पुढच्या ‘संजद’वर घसरली असेल, लागोपाठ सारखे शब्द आले की ही चूक कोणत्याही लिपीत होते, आणि पोथ्या वाचणाऱ्याने ती तिथेच आधी शोधायची असते. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी ताडून पाहिलं तेव्हा शब्द सापडला.

वीरसेनांनी आपल्या शंकेला दिलेलं उत्तर तर आणखी बोलकं आहे. नाही, ते म्हणतात, ‘सवासस्त्वात्’: त्या वस्त्रसहित असतात म्हणून, त्यांच्या ठायी पूर्ण संयम उपजत नाही. मग सूत्रातली मणुसिणी कोण? तर भावाने स्त्री आणि देहाने पुरुष. कर्मसिद्धांतात कामवासनेचा ‘वेद’ आणि शरीराची घडण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे ही वाट व्याकरणाने बंद नाही. तरी सूत्र लिहिणाऱ्यांच्या मनात हेच होतं का, यावर वाद घालता येतो आणि घातला गेलाय. माझं मत विचाराल तर सूत्र ज्या काळचं आहे, तेव्हा या दोन पंथांच्या भिंती अजून ओल्या होत्या. पण वीरसेनांनी कारण म्हणून बुद्धी, बळ, शील यांतलं काहीच न घेता तिथे पहिलं नाव कापडाचंच घ्यावं, हे मी कधी विसरत नाही.

महावीरांच्या चरित्रातले फरक एका दमात सांगतो. श्वेतांबरांकडे देवानंदा ब्राह्मणीच्या गर्भातून त्रिशलेच्या गर्भात संक्रमण, यशोदेशी लग्न आणि एक मुलगी. दिगंबरांकडे यातलं काहीच नाही, महावीर अविवाहित. केवलज्ञान झाल्यावर ते जेवत होते, असं श्वेतांबर म्हणतात. दिगंबर म्हणतात, केवलीला भूकच नाही. श्वेतांबरांचं पर्युषण आठ दिवसांचं, श्रावणाच्या शेवटी सुरू होऊन भाद्रपदात संवत्सरीला संपणारं. दिगंबरांचं दशलक्षण पर्व त्याच सुमाराला भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीपर्यंत.

मूर्तीवरही वस्त्राचा वाद पोचलाय, आणि तो बघायला आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. सगळ्यांत जुन्या जिनमूर्तींत पंथ ओळखता येत नाही. पुढे दिगंबरांची मूर्ती निखळ नग्न आणि अर्धोन्मीलित दृष्टीची झाली. श्वेतांबर मूर्तीला कटिसूत्र आणि कछोटा कोरला जाऊ लागला, वरून चक्षू बसवले जाऊ लागले, सणाला आंगी चढू लागली. वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरची अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती दोघांनाही पूज्य. तिच्यावर लेप कोणी द्यायचा आणि त्या लेपात कमरेची दोरी आणि कछोटा दाखवायचा की नाही, हा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२९ साली निकाल श्वेतांबरांच्या बाजूने लागला. भांडण तरी मिटलं नाही. १९८१ साली मूर्तीच्या दाराला कुलूप लागलं आणि ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२३ साली उघडलं. बेचाळीस वर्षं लोकांनी दाराच्या झरोक्यातून दर्शन घेतलं.

आता तुमच्या दारात येणाऱ्या साध्वी. त्या जैनेतर शाकाहारी घरांतूनही घेतात, त्यामुळे संकोच नको. पण विचारल्याशिवाय त्या घेणार नाहीत आणि तुम्ही खरं तेच सांगायचं. त्या येणार म्हणून काही करू नका, हा पहिला नियम. दुपारी पोळ्या झाल्यात, वरणभात तयार आहे, त्यातलं द्यायचं. द्यायला उठताना दिवा लावू नका, गॅस पेटवू नका, फ्रिज उघडू नका, हात नळाखाली धरू नका. यातलं काही त्यांच्यासाठी केलंत तर ते अन्न ‘असूझता’, म्हणजे न घेण्याजोगं, आणि त्या हसून पुढच्या दारी जातील. भाजीचा ओला देठ किंवा कच्च्या पाण्याचा तांब्या तुमच्या हाताला लागलेला असेल तरी तेच. कांदा-बटाटा असेल तर आधी सांगा. पाणी द्यायचं असेल तर उकळून ठेवलेलं, किंवा तांदूळ धुतलेलं धोवण असेल तर तेही चालतं. त्या ‘बस’ म्हणतील तिथे थांबा, आग्रहाने आणखी एक पोळी टाकू नका. आणि मावशीकडे पुन्हा गेलात आणि घास बघायचं काम तुमच्याकडे आलं, तर खिडकीच्या बाजूला उभे राहा. केस उजेडातच दिसतो.